निळ्या फोटोतला मासा कुठल्या कुळातला? या चुका टाळा

परवा एका डायव्हर मित्राने फोटो पाठवला. खोली साधारण 17 मीटर, फ्लॅश नाही, खडकाच्या कपारीखाली चार राखाडी-तपकिरी मासे, डोळे हे एवढे मोठ्ठे. खाली लिहिलं होतं, 'कार्डिनलफिश ना?' मी पण घाईत हो म्हटलं आणि दोघंही चुकलो. ते मासे मुळात राखाडी नव्हतेच, चक्क लाल होते.

पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. स्वच्छ पाण्यात पाचेक मीटरवरच लाल बऱ्यापैकी फिका पडतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी उरतो तो निळा-हिरवा. त्यामुळे लाल मासा खाली गेला की लाल दिसत नाही, काळपट किंवा तपकिरी दिसतो, कारण त्याच्या अंगावरून परत यायला लाल प्रकाशच तिथे पोचलेला नसतो. आणि नुसती खोली मोजून भागत नाही, मासा ते कॅमेरा हे अंतरही त्यात मिळवायचं, कारण प्रकाशाला तेवढंही पाणी पार करावं लागतं. म्हणजे 3 मीटर खोलीवर पण 4 मीटर लांबून काढलेल्या फोटोतसुद्धा लाल गेलेला असू शकतो. पाणी हिरवट असेल, म्हणजे प्लँक्टन वगैरे जास्त असेल, तर निळाही कमी होतो आणि निळा मासा मळकट दिसायला लागतो.

पहिली चूक: आधी रंग ठीक करायचा आणि मग नाव शोधायचं

हे सगळेच करतात, मी पण करायचो. फोटो एडिटरमध्ये टाकला, ऑटो व्हाइट बॅलन्स दाबला, लाल स्लायडर वर ओढला आणि मासा एकदम गुलाबी झाला की आपण खूश! पण लाल चॅनेलमध्ये माहितीच नसेल तर स्लायडर ती आणणार कुठून, तो फक्त तिथला दाणेदार कचरा मोठा करतो. हे ओळखायचं कसं, तर हिस्टोग्राम उघडा. लाल रंगाचा सगळा ढीग डाव्या टोकाला चिकटलेला असेल तर त्या फोटोतल्या लाल रंगावर विश्वास ठेवू नका, मग वर तो कितीही सुंदर दिसू दे. रॉ फाइल असेल तर थोडी जागा मिळते, जेपेगमध्ये फारच कमी.

दुसरा लोचा म्हणजे अख्ख्या फोटोला एकच करेक्शन लावणं. मासा 1 मीटरवर आणि मागची वाळू 5 मीटरवर असेल तर दोघांनी गमावलेला रंग सारखा नसतो, मागची वाळू पांढरी करायला गेलात की पुढचा मासा उगाच नारिंगी होतो. आयड्रॉपर वापरायचाच तर माशाइतक्याच अंतरावरच्या पांढऱ्या-करड्या गोष्टीवर वापरा, डायव्हरची स्लेट असेल तर उत्तम.

मी आता उलटं करतो. फोटो आधी ब्लॅक अँड व्हाइट करतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि आकार बघतो. रंगाचं शेवटी बघू. फक्त एक लक्षात ठेवायचं, अशा फोटोत जे काळं दिसतंय ते काळं किंवा लाल, दोन्ही असू शकतं.

दुसरी चूक: मोठा डोळा बघून निकाल द्यायचा

कपारीतल्या त्या फोटोत नेमकं हेच झालं. कार्डिनलफिश, सोल्जरफिश-स्क्विरलफिश आणि बिगआय ही तीन वेगवेगळी कुळं, पण तिन्हीतले बहुतेक मासे रात्री फिरणारे, दिवसा कपारीत दडून बसणारे आणि मोठ्या डोळ्याचे. त्यामुळे डोळा आणि जागा या दोन गोष्टींवरून काहीच ठरत नाही.

मग बघायचं काय? पाठीवरचा पर. कार्डिनलफिशला (अपोगोनिडे) पाठीवर दोन सुटे, आखूड पर असतात, मधे सरळ मोकळी जागा दिसते. बिगआयला (प्रायाकँथिडे) एकच सलग पर असतो, मधे खाच नाही. सोल्जर-स्क्विरल मंडळींना (होलोसेंट्रिडे) पुढचा काट्यांचा भाग चांगला लांब असतो, मग खोल खाच, आणि मागे मऊ भाग उंच उभा. गंमत अशी की हा काट्यांचा भाग मासा पाठीला चिकटवून मिटू शकतो, मग फोटोत फक्त मागचा तुकडा दिसतो आणि माणूस फसतो. आमच्या फोटोतल्या चारपैकी तीन माशांचा पर मिटलेलाच होता. चौथ्याने अर्धा उघडला होता, 200 टक्के झूम केल्यावर अर्धवट मिटलेल्या काट्यांची लांब रांग दिसली आणि तिथेच कार्डिनलफिश बाद झाला.

मग खवले बघितले. मोठे, जाळीसारखे, अंधुक फोटोतही मोजता येतील असे. बिगआयचे खवले बारीक असतात, फोटोत अंग गुळगुळीत दिसतं, आणि त्याचं तोंड चांगलंच वर वळलेलं असतं. इथे तोंड तसं नव्हतं, शेपटी खोल दुभंगलेली होती, शेपटीचा देठ बारीक. म्हणजे होलोसेंट्रिडे. आता सोल्जर की स्क्विरल? स्क्विरलफिशच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणाच्या पुढे, मागे रोखलेला एक ठळक काटा असतो. इथे तो दिसत नव्हता, आणि कल्ल्याच्या फटीपाशी एक गडद पट्टा मात्र होता, म्हणून सोल्जरफिश. काटा सावलीत लपू शकतो, म्हणून मी एवढ्यावर प्रजातीपर्यंत जात नाही, कुळ पक्कं आणि पुढचं 'बहुतेक'.

आकारही विचारा. मित्र म्हणाला, वीतभर होते. कार्डिनलफिश बहुतेक 10 सेंटीमीटरच्या आतले असतात, हे आधीच विचारलं असतं तर दहा मिनिटं वाचली असती.

बरं, बिगआयच्या बाबतीत तर रंगावर अजिबात जाऊ नका, हे मासे लाल ते चंदेरी किंवा डागाळलेले असे पटकन बदलतात. म्हणजे फ्लॅशने काढलेला अचूक रंगसुद्धा त्या क्षणापुरताच.

तिसरी चूक: चपटा, पट्ट्यांचा मासा म्हणजे फुलपाखरू मासा

एंजलफिशही तसाच चपटा दिसतो. गालाचा खालचा कोपरा झूम करा, तिथे मागे जाणारा दणकट काटा असेल तर एंजलफिश, नसेल तर फुलपाखरू मासा. रंग लागतच नाही.

बॅनरफिश आणि मूरिश आयडॉल हे दोघेही पाठीवरून लांब दोरी सोडलेले, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, पण बॅनरफिश फुलपाखरू माशांच्या कुळातला आणि मूरिश आयडॉल त्याच्या स्वतःच्या वेगळ्याच कुळातला. पिवळा कुठे आहे हे निळ्या फोटोत शोधत बसू नका, फक्त शेपटी बघा. बॅनरफिशची शेपटी पिवळी, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बहुधा फिकट. मूरिश आयडॉलची काळी, कडेला फिकट रेघ. शेपटी फ्रेमबाहेर गेली असेल तर तोंड बघा, आयडॉलचं नळीसारखं पुढे आलेलं असतं.

आणि फ्लॅश वापरलेल्या फोटोतही एक खोडी असते, पाण्यातले कण उजळून पांढरे ठिपके उमटतात आणि लोक ते माशाचे ठिपके समजतात. तसेच ठिपके माशाच्या बाहेर पाण्यातही दिसत असतील तर ते माशाचे नाहीत.