१४'-१०" म्हणजे १४.१० नव्हे

सांगलीत घरांच्या नकाशांवर खोल्या फूट-इंचांत, पायाची खोली मात्र मीटरमध्ये, असं सर्रास दिसतं. अशा वेळी १४'-१०" कॅल्क्युलेटरवर १४.१० मारू नका. चूक बहुतेक इथेच होते. आधी इंचांना १२ ने भागा: १० ÷ १२ = ०.८३३. मग १४.८३३ × ०.३०४८ = ४.५२१ मीटर. चुकीच्या आकड्याने ४.२९८ येतात, म्हणजे भिंत जवळजवळ नऊ इंचांनी आखूड. या भिंतीच्या पायाचा चर ०.९० मीटर रुंद, १.२० मीटर खोल असेल तर खोदाई ४.८८ घनमीटर, चुकीच्या मापाने ४.६४ येते. प्रत्येक मापाशेजारी लाल पेनाने मीटर लिहा आणि खोल्या व भिंतींच्या जाडीची बेरीज बाहेरच्या एकूण मापाशी जुळवा. ती जुळेपर्यंत मोजमाप पुस्तकात काहीच चढवू नका.