इक्विव्हॅलंट युनिट चुकले की एफिशियन्सी व्हेरिअन्स उलटा येतो

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी कॉस्टिंगला ट्रेनी होतो तेव्हाची गोष्ट, आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो. कटिंग-शिलाई डिपार्टमेंटचा लेबर व्हेरिअन्स, म्हणजे ठरलेली मजुरी आणि प्रत्यक्ष मजुरी यांतला फरक, काढायचा होता. महिन्याच्या सुरुवातीला ४०० डझन अर्धवट माल होता, त्यावरचं शिलाईचं काम ६०% झालेलं. नवीन २,००० डझन घेतले, २,१०० पूर्ण झाले आणि शेवटी ३०० डझन राहिले, ते ४०% झालेले. स्टँडर्ड होतं डझनाला अर्धा तास, तासाला ८० रुपये. प्रत्यक्षात लागले १,०५० तास आणि पगार गेला ८६,१०० रुपये.

मी काय केलं, तर पूर्ण झालेले २,१०० आणि शेवटच्या ३०० चे ४०% म्हणजे १२०, असे २,२२० इक्विव्हॅलंट युनिट, म्हणजे अर्धवट कामही पूर्ण डझनांच्या हिशेबात धरून, घेतले. स्टँडर्ड तास आले १,११०, म्हणजे ६० तास वाचले, ४,८०० रुपये फेव्हरेबल! खूश होऊन शीट घेऊन गेलो तर शिलाईचे मास्तर म्हणाले, "अरे ते ४०० डझन तर गेल्या महिन्यातच निम्म्याच्या वर शिवून झालेले की, त्याचे तास ह्या महिन्यात कुठनं आले?"

बरोबरच होतं त्यांचं. १,०५० तास फक्त ह्या महिन्याचे आहेत, मग त्यांच्यासमोर कामही ह्याच महिन्याचं पाहिजे, म्हणून स्टँडर्ड कॉस्टिंगमध्ये इक्विव्हॅलंट युनिट फिफोनेच, म्हणजे मागच्या महिन्यात झालेलं काम वगळून, काढायचे. जुन्या ४०० चं उरलेलं ४०% म्हणजे १६०, ह्याच महिन्यात सुरू होऊन संपलेले १,७००, आणि शेवटचे १२०, एकूण १,९८०. स्टँडर्ड तास ९९०. म्हणजे ६० तास जास्त लागले, एफिशियन्सी व्हेरिअन्स ४,८०० अ‍ॅडव्हर्स. आकडा तोच, पण दिशा उलटी, आणि नुसते २,१०० धरले असते तर स्टँडर्ड तास बरोबर १,०५० येऊन व्हेरिअन्स शून्य दिसला असता, ते तर आणखी फसवं.

रेट व्हेरिअन्सला ह्याचा काही फरक पडत नाही, तो प्रत्यक्ष तासांवरच निघतो: तासाला ८२ पडले, २ रुपये जास्त, गुणिले १,०५०, म्हणजे २,१०० अ‍ॅडव्हर्स. दोन्ही मिळून ६,९००. ताळा असा, की ९९० तास गुणिले ८० म्हणजे ७९,२००, ते ८६,१०० मधून वजा केले की ६,९००च आले पाहिजेत. पण हा ताळा युनिट चुकले तरी जुळतो बरं का, कारण दोन्हीकडे तेच चुकलेले तास जातात! म्हणून युनिटची तपासणी वेगळी करायची, २,१०० अधिक १२०, त्यातनं सुरुवातीच्या मालावर आधीच झालेलं काम २४० वजा, १,९८० आले पाहिजेत.

आणि ते ४०% ऑफिसात बसून ठरवू नका. शेवटच्या मालात १०% इकडेतिकडे झाले तर ३० युनिट, १५ तास, म्हणजे १,२०० रुपयांचा फरक पडतो, आणि तीच चूक पुढच्या महिन्यात ओपनिंग म्हणून परत उलट्या बाजूनं येते. मी मग महिनाअखेरीला मास्तरांबरोबर टेबलाटेबलावर फिरून किती गठ्ठे नुसते कापलेत आणि किती कडा मारून झालेत ते मोजायला लागलो.