वॉर्फरिन चालू असताना जुलाबावरची गोळी : आयएनआर बिघडवणाऱ्या या चुका टाळा

वॉर्फरिन ही रक्त सहज गोठू न देणारी गोळी, आणि आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा : आकडा जितका मोठा, तितकं रक्त उशिरा गोठतं. वॉर्फरिन घेणाऱ्या माणसाचा आयएनआर बिघडला की घरात पहिला संशय पालकाच्या भाजीवर जातो. नागपुरात पावसाळ्यात माझ्यासमोर येणाऱ्या रिपोर्टांमध्ये खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं : पोट बिघडल्यावर घेतलेला पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स. आणि वाढलेला आकडा पाहून घाईघाईनं जे उपाय केले जातात, त्यातून होणारं नुकसान कधीकधी त्या वाढीपेक्षा मोठं असतं.

अशा रुग्णांवरून एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. नागपूरच्या महाल भागातल्या ४६ वर्षांच्या एक काकू. संधिवाताच्या तापानं हृदयाची मिट्रल नावाची झडप खराब झाली म्हणून तिच्या जागी धातूची झडप बसवलेली. रोज वॉर्फरिन ५ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला ३५. त्यांचा आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये राहायला हवा आणि गेले अनेक महिने तो २.९ च्या आसपास आहे. ऑगस्टमध्ये जुलाब सुरू झाले. जवळच्या दवाखान्यात त्यांनी सांगितलं, "हार्टची गोळी चालू आहे." ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी मिळाली, दिवसातून दोनदा, पाच दिवस. खाणं मऊ भात आणि ताकावर आलं. सहाव्या दिवशी दंडावर मार न लागता निळा डाग दिसला. आयएनआर निघाला ६.८.

चूक पहिली : "हार्टची गोळी" एवढंच सांगणं

रक्तदाबाची गोळीही हार्टची आणि कोलेस्टेरॉलचीही. समोरच्या डॉक्टरांना "वॉर्फरिन" हा शब्द ऐकू गेला पाहिजे. आपल्याकडे अनेकांना वॉर्फरिनऐवजी असेनोकुमारोल दिलेलं असतं. तेही याच जातीचं औषध, पण त्याचे मिलिग्रॅम वॉर्फरिनच्या मिलिग्रॅमइतके धरता येत नाहीत. म्हणून गोळीचं नाव, ताकद आणि शेवटचा आयएनआर लिहिलेला कागद पाकिटात ठेवा. मेडिकल स्टोअरमधून स्वतः गोळी घेतानाही तो दाखवा.

काकूंचा आकडा एवढा का चढला? वॉर्फरिनचा जास्त जोरकस भाग यकृतातलं सीवायपी२सी९ नावाचं विकर मोडून टाकतं. मेट्रोनिडाझोल या विकराचं काम मंदावतं, त्यामुळे नेहमीच्याच डोसमधलं वॉर्फरिन रक्तात जास्त काळ टिकतं. ऑर्निडाझोल त्याच घराण्यातलं आहे आणि वॉर्फरिनसारख्या औषधांचा परिणाम ते वाढवतं. त्यात पाच दिवस भाजी पोटात नाही, म्हणजे रक्त गोठायला लागणारं आणि वॉर्फरिनच्या उलट काम करणारं व्हिटॅमिन के कमी. वर जुलाब. ही तीन कारणं एकत्र आली. लघवीच्या जळजळीसाठी दिलं जाणारं कोट्रायमोक्साझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल हीसुद्धा याच वाटेनं आयएनआर जोरात वाढवतात. नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडून लघवीचा त्रास वाढतो तेव्हा यातलं पहिलं औषध हमखास भेटतं.

अँटिबायोटिक घ्यायचंच नाही, असा याचा अर्थ नाही. संसर्ग अंगावर काढणं धातूच्या झडपेला फार धोक्याचं असतं. गोळी सुरू करतानाच ठरवायचं की आयएनआर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पाहायचा आणि कोर्स संपल्यावर आठवड्याभरात पुन्हा. पहिल्याच दिवशी केलेली तपासणी फसवते. वॉर्फरिन रक्तात आधीपासून असलेल्या गोठण-घटकांना हात लावत नाही, फक्त नवे तयार होणं कमी करतं. जुने घटक संपायला वेळ लागतो. त्यातलं प्रोथ्रॉम्बिन निम्मं व्हायलाच अडीच-तीन दिवस जातात. मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमोक्साझोल टाळता येत नसेल तर काही डॉक्टर वॉर्फरिनचा डोस आधीच थोडा कमी करतात. तो निर्णय त्यांचा. घरच्या घरी करायचा नाही.

चूक दुसरी : ६.८ बघून सगळं उलटवून टाकणं

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. घरी चर्चा अशी : गोळी आठ दिवस बंद करा, रोज पालकाचं सूप द्या. कुठे कुणी व्हिटॅमिन केचं १० मिलिग्रॅमचं इंजेक्शनही टोचतं, तेही दंडात किंवा कुल्ल्यावर.

तिन्ही गोष्टी काकूंसाठी चुकीच्या आहेत. एवढ्या आयएनआरला स्नायूत सुई टोचली तर तिथेच रक्ताची गाठ साचू शकते. मोठ्या डोसनं आकडा खाली येतोच, पण नंतर कित्येक दिवस वॉर्फरिन लागू पडत नाही. आयएनआर १.४ वर अडकतो, आणि मिट्रल जागेवरच्या धातूच्या झडपेत गुठळी धरण्याचा धोका तेव्हाच असतो. मग गुठळी टाळण्यासाठी हेपरिनची इंजेक्शनं आणि भरती. रक्तस्रावाच्या भीतीनं धावत सुटलेला रुग्ण असा अर्धांगवायूच्या दारात जाऊन उभा राहतो.

बरोबर मार्ग शांत आहे. डॉक्टर आधी पाहतात की रक्त कुठे जातंय का : शौच काळी, लघवी लाल, जोराची डोकेदुखी, उलटीत रक्त. हिमोग्लोबिन तपासतात. काकूंना डागापलीकडे काही नव्हतं. आयएनआर ४.५ ते १० मध्ये असेल आणि रक्तस्राव नसेल तर सगळ्यांनाच व्हिटॅमिन के द्यायची गरज नसते. त्यांची रात्रीची गोळी दोन दिवस थांबवली आणि रोज तपासणी ठेवली. दुसऱ्या दिवशी ४.७, तिसऱ्या दिवशी ३.४. आकडा पट्ट्यात आल्याबरोबर गोळी पुन्हा सुरू.

कितीनं सुरू करायची? लोक इथे डोस कायमचा कमी करून बसतात. अँटिबायोटिक संपलं होतं, जुलाब थांबले होते, काकू पोळी-भाजी खायला लागल्या होत्या. बिघाडाचं कारण निघून गेलं होतं, म्हणून जुनाच ३५ चा डोस. पुढची तपासणी चार दिवसांनी (३.०), मग आठवड्यानं (२.८). कारण टिकून राहणारं असतं, उदाहरणार्थ हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन सुरू झालं असतं, तर डोस खरोखर कमी करावा लागला असता आणि त्यासाठी कित्येक आठवडे लक्ष ठेवावं लागलं असतं.

आयएनआर १० च्या वर गेला तर रक्तस्राव नसतानाही तोंडानं थोडं व्हिटॅमिन के देतात. मोठा रक्तस्राव होत असेल तर आकड्याची वाट पाहायची नाही. नागपूरचं मेडिकल कॉलेज असो, मेयो रुग्णालय असो की जवळचं मोठं रुग्णालय, थेट इमर्जन्सीत जायचं. तिथे शिरेतून व्हिटॅमिन के आणि गोठण-घटक द्यावे लागतात. डोक्याला मार लागला असेल तर बाहेरून काही दिसत नसलं तरी हाच नियम.

चूक तिसरी : एका आकड्यावर डोस फिरवणं

आयएनआर ३.५ पर्यंत हवा आणि एकदा ३.८ आला, तर बहुतेक वेळा डोस तोच ठेवून आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा पाहतात. बदलायचाच असेल तर आठवड्याचा एकूण डोस ५ ते २० टक्क्यांच्या आत हलवतात. ३५ मिलिग्रॅमवर आयएनआर २.१ राहत असेल तर सहा दिवस ५ आणि एक दिवस साडेसात, असे ३७.५ होतात. म्हणजे सुमारे ७ टक्के वाढ. परिणाम समजायला आठवडा द्यावा लागतो. दुसऱ्याच दिवशी तपासून पुन्हा वाढवलं की पंधरवड्यानं आकडा उडतो.

त्याआधी दोन प्रश्न. गोळी चुकली होती का? आणि रिपोर्ट विश्वासाचा आहे का? निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली नसेल तर आयएनआर खोटा जास्त येतो. कारणाशिवाय आकडा विचित्र असेल तर पुन्हा रक्त द्या, आणि शक्यतो एकच लॅब ठेवा. गोंदिया-गडचिरोलीहून येणाऱ्यांना दरवेळी नागपूर गाठणं जमत नाही. त्यांनी गावाजवळची एक लॅब धरावी आणि रिपोर्ट डॉक्टरांना फोनवर पाठवावा.

चूक चौथी : पालेभाजी बंद करणं

१०० ग्रॅम पालकात साधारण ४८० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, दिवसाची गरज १०० च्या आसपास. म्हणून लोक पालेभाजी पूर्ण बंद करतात. मग शरीरातला साठा इतका कमी राहतो की एका दिवसाच्या पातळभाजीनंही आयएनआर हलतो. भाजी खा, फक्त प्रमाण सारखं ठेवा. आठवड्यात दोनदा खात असाल तर बाराही महिने दोनदा. हिवाळ्यात कॉटन मार्केटला मेथी-पालक स्वस्त होतो, रोज हिरवी भाजी शिजते आणि आयएनआर खाली सरकतो. श्रावणात उपवास वाढले की उलट. हे बदल होणारच असतील तर त्या महिन्यात एक तपासणी जास्त ठेवा. आणि संत्री खा, त्यात व्हिटॅमिन के जवळजवळ नसतं.

चूक पाचवी : "झाडपाल्याचं आहे, त्याला काय होतं"

वरणातली हळद, फोडणीतला लसूण, चहातलं आलं यांचं भय नको. त्याच गोष्टी कॅप्सूल किंवा अर्क म्हणून रोज घेतल्या की प्रमाण कितीतरी पट होतं आणि रक्तस्रावाची शक्यता वाढते. हिरव्या पानांच्या पावडरी आणि रस उलट बाजूनं आयएनआर पाडू शकतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांची. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं आढळलेलं आहे. डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक पोटात व्रण करतं आणि प्लेटलेट्स निकामी करतं, आयएनआर मात्र २.९ च दाखवत राहतो. आकडा छान आणि शौच काळी, असा रुग्ण आला की पुडीबद्दल विचारावंच लागतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं. तेही दिवसाला २ ग्रॅम सलग काही दिवस घेतलं तर आयएनआर चढतो, म्हणून तपासून घ्या.

काही सुरू करायचंच असेल तर आधी सांगा, एका वेळी एकच गोष्ट सुरू करा आणि आठवड्याच्या आत आयएनआर बघा. बंद करतानाही बघा. टीबीसाठीचं रिफॅम्पिसिन याचं सगळ्यात तीव्र उदाहरण आहे : त्यासोबत वॉर्फरिनचा डोस दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त करावा लागतो, आणि टीबीचा कोर्स संपल्यावर तोच वाढीव डोस चालू राहिला तर दोन ते चार आठवड्यांत आयएनआर धोक्याच्या वर जातो. टीबीच्या शेवटच्या गोळीनंतर पहिला महिना दर आठवड्याला तपासणी ठेवा.