प्रबंधात पुस्तकातला उतारा किती घ्यावा आणि कसा दाखवावा

‘किती शब्द चालतात?’ या प्रश्नाला भारतीय कायद्यात आकडा नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संशोधन, टीका आणि परीक्षणासाठी ‘उचित वापरा’ची मुभा देते, पण शब्दमर्यादा घालत नाही. त्यामुळे निकष एकच ठेवा: ज्या वाक्यांवर तुम्ही पुढे काही म्हणणार आहात, तेवढीच उचला. अर्धे पान उतरवून खाली आपली एकच ओळ लिहिली असेल, तर उतारा जास्त झाला. आठ ओळींच्या कवितेतल्या आठही ओळी घेतल्या, तर शब्द कमी असूनही ती अख्खी कृती ठरते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे उलटली असतील, तर कॉपीराइटची अडचण सहसा उरत नाही. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७पासून खुल्या आहेत. श्रेय मात्र तरीही द्यायचेच.

आता खुणा. विद्यापीठाने एपीए पद्धत सांगितली असेल, तर चाळीस शब्दांच्या आतला उतारा वाक्यातच, दुहेरी अवतरणचिन्हांत येतो. चाळीस किंवा अधिक शब्द असतील, तर नवीन ओळीवर, डावीकडून अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय. एमएलएमध्ये गद्याच्या चारपेक्षा जास्त ओळी झाल्या की उतारा वेगळा काढतात. दोन्ही पद्धतींत पृष्ठक्रमांक हवाच, आणि तो हातातल्या आवृत्तीचा.

समजा, मूळ वाक्य असे आहे: ‘त्या वर्षी सावकारांनी, विशेषतः बाजारपेठेच्या गावांत, धान्य दिले, पण फक्त जमीन गहाण ठेवणाऱ्यांना.’ प्रबंधात ते असे येईल:

“त्या वर्षी [१९७२] सावकारांनी ... धान्य दिले, पण फक्त जमीन गहाण ठेवणाऱ्यांना” (आडनाव, वर्ष, पृ. ४६).

गाळलेल्या जागी तीन टिंबे, आपण घातलेला शब्द चौकटी कंसात. हाच उतारा ‘धान्य दिले’पाशी तोडला, तर प्रत्येक खूण बरोबर असूनही लेखकाच्या तोंडी उलटा अर्थ जातो. जाणकार परीक्षक नेमके तेच मूळ पान उघडतो. मूळ छपाईतली चूक सुधारू नका. तिच्यापुढे चौकटी कंसात ‘मूळप्रमाणे’ लिहा.

यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमांत प्रबंधाचे इतर लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, आणि श्रेय देऊन घेतलेले अवतरण त्या मोजणीतून वगळायचे असते. पण साम्य तपासणारे सॉफ्टवेअर अवतरण ओळखते ते खुणांवरून. आत सरकवलेला, चिन्हे नसलेला परिच्छेद पीडीएफमध्ये अनेकदा अवतरण म्हणून ओळखला जात नाही आणि टक्केवारी फुगते. अहवालात असा उतारा रंगलेला दिसला, तर त्याला बळेच अवतरणचिन्हे लावू नका किंवा शब्द फिरवू नका. संदर्भासह तो ग्रंथालयातल्या तपासनिसाला दाखवून मोजणीतून काढायला सांगा.