‘पगार वाढला की बघू’ आणि बचतीतल्या आणखी काही चुका

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

पदवी हाती आली, पुढच्या महिन्यात पहिला पगार येईल. बँकेच्या काउंटरमागे बसून मी ज्या चुका वर्षानुवर्षे पाहिल्या, त्या तू करू नयेस म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत महागडी चूक म्हणजे ‘पगार वाढला की सुरू करू’ हे वाक्य. समज, तू २२व्या वर्षापासून दरमहा ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०,०००, बाजूला टाकलेस आणि दहा वर्षांनी थांबलीस, पण साठीपर्यंत त्या रकमेला हात लावला नाहीस. तुझ्या मैत्रिणीने ३२व्या वर्षी सुरुवात करून साठीपर्यंत तेवढेच पैसे भरले. ८ टक्के चक्रवाढ व्याजाने तुझ्या ६ लाखांचे सुमारे ७५ लाख होतात, तर तिच्या १६ लाख ८० हजारांचे सुमारे ५७ लाख.

यात जादू काही नाही. ८ टक्क्यांनी रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. बत्तिसाव्या वर्षी तुझ्याकडे ८ लाख ६९ हजार असतील. ते एक्केचाळिसाव्या वर्षी सुमारे १७, पन्नासाव्या वर्षी ३५ आणि एकोणसाठाव्या वर्षी ७० लाखांच्या घरात जातात. उशीर करणाऱ्याची पहिली नव्हे, तर ही शेवटची, सर्वांत मोठी दुप्पट हुकते. मात्र व्याज ६ टक्केच मिळाले, तर मैत्रीण किंचित पुढे जाते. आणि महागाई ६ टक्के धरली, तर तुझ्या ७५ लाखांची किंमत आजच्या सव्वाआठ लाखांइतकीच राहते. म्हणून दहा वर्षांनी थांबायचे नाही. हा हिशेब केवळ उशिराची किंमत दाखवण्यासाठी मांडला आहे.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. तीस वर्षांपूर्वी पहिली खासगी नोकरी सोडून बँकेत लागलो, तेव्हा भविष्य निर्वाह निधीतले ४०,००० रुपये काढून मोटारसायकल घेतली. फॉर्मवर सही करताना हेडक्लार्क म्हणाले, “वर्ग करून घ्या, काढू नका.” मला घाई होती. ८ टक्क्यांनी त्या रकमेचे आज चार लाख झाले असते. गाडी मात्र सात वर्षांत भंगारात गेली. नोकरी बदललीस की नव्या ठिकाणी जुनाच यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक, दे आणि शिल्लक वर्ग झाली का, ते पासबुकात स्वतः पाहा.

पीपीएफमध्ये पैसे पाच तारखेपर्यंत भर, कारण त्या महिन्याचे व्याज पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकेवर लागते. विमा आणि बचत एकाच पॉलिसीत घालू नकोस. महिनाअखेरीस उरेल ते टाकू, असेही ठरवू नकोस; मला तरी कधी काही उरले नाही. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी पैसे आपोआप वळते होतील, अशी सूचना बँकेला देऊन ठेव.

वर्षवार तक्ता सोबत जोडला आहे. तो वर्षाअखेरीस एकरकमी भरणा धरून केला आहे, दरमहा भरलेस तर आकडे थोडे वाढतील. कुठे बेरीज चुकली असेल तर कळव.

तुझा,
बाबा