कार्ड फॉरमॅट करण्याआधी: सेटवरचा डेटा कसा उतरवावा

मे महिना, नागपुरातल्या महाल भागातला एक जुना वाडा, दुपारचे तीन. कॅमेरा असिस्टंट धावत येतो आणि विचारतो, "दादा, कार्ड खाली झालं का? फॉरमॅट मारू?" याला "हो" म्हणण्याचा हक्क डेटा रँगलरला, म्हणजे सेटवर कार्डावरचा डेटा उतरवणाऱ्याला, कधी मिळतो, तेवढंच इथे सांगतो. दोन सोनी एफएक्स३ कॅमेरे आणि १२८ जीबीची एसडी कार्डं असा सेट धरू.

कार्ड हातात आलं की आधी त्याची लॉकची खिटी सरकवा. आता लॅपटॉप त्यावर काही लिहू शकत नाही, आणि चुकून कॅमेऱ्यात गेलं तरी रेकॉर्डिंग होत नाही. भरलेल्या कार्डावर लाल टेप लावा.

मग ड्राइव्हवर फोल्डर बनवा. नाव असं: `20260512_D02_A003`. म्हणजे तारीख, शूटचा दुसरा दिवस, ए कॅमेऱ्याचं तिसरं कार्ड. तारखेत वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. नावात मोकळी जागा ठेवू नका. नाव फक्त या बाहेरच्या फोल्डरला द्यायचं, आतल्या क्लिपला नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत `C0012.MP4` असू शकते, म्हणून ती बदलायचा मोह होतो. पण तिच्यासोबत `C0012M01.XML` असते आणि `MEDIAPRO.XML` मध्ये क्लिपची नोंद असते. नाव बदललं की ही जोडी तुटते. म्हणून नुसत्या एमपी४ फाइली उचलू नका, `PRIVATE` सकट अख्खं कार्ड जसंच्या तसं उतरवा.

कॉपीआधी कार्डावरच्या प्रत्येक फाइलचा चेकसम काढा. चेकसम म्हणजे फाइलच्या सगळ्या मजकुरातून काढलेला छोटा आकडा. एक बिट बदलला तरी तो वेगळा येतो. मी एक्सएक्सहॅश वापरतो, कारण तो एमडी५ पेक्षा बराच वेगवान आहे. मॅकवर, कार्डाचं नाव `Untitled` असेल तर:

```
cd /Volumes/Untitled
find PRIVATE -type f -exec xxhsum {} + > ~/A003.xxh
```

आता दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी संपली की ड्राइव्ह इजेक्ट करून पुन्हा जोडा. ही पायरी बरेच जण गाळतात. नुकतीच लिहिलेली फाइल लॅपटॉपच्या मेमरीत शिल्लक असते. लगेच तपासलं तर ड्राइव्हऐवजी मेमरीच तपासली जाऊ शकते. मग प्रत्येक ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरात जाऊन:

```
xxhsum -c ~/A003.xxh
```

प्रत्येक ओळीला `OK` हवं. वेळेचा हिशेब आधीच करा: १२० जीबी डेटा १२० एमबी प्रतिसेकंदाच्या हार्ड डिस्कवर जायला सुमारे १७ मिनिटं लागतात, आणि तपासणीला जवळपास तेवढीच. त्या अर्ध्या तासात कॅमेरा थांबणार नाही इतकी कार्डं प्रॉडक्शनकडून मागून घ्या.

वाड्यात त्या दिवशी `C0031.MP4` समोर `FAILED` आलं, तेही एकाच ड्राइव्हवर. अशा वेळी घाईने पुन्हा कॉपी मारू नका. आधी कार्डावरच्या त्याच फाइलचा चेकसम आणखी दोनदा काढा, दर वेळी कार्ड इजेक्ट करून पुन्हा जोडून. तो दर वेळी वेगळा आला तर कार्ड नाहीतर रीडर नीट वाचत नाही. रीडर बदला, आणि त्या रीडरवरून काढलेली चेकसमची यादीही पुन्हा बनवा, कारण तीच चुकीची असू शकते. आमचा आकडा तिन्ही वेळा सारखा आला, म्हणजे कार्ड ठीक होतं आणि बिघाड पुढच्या वाटेवर होता. केबल बदलली, ती फाइल पुन्हा टाकली, ड्राइव्ह पुन्हा जोडून तपासली, `OK` आलं. फाइलचा आकार आधीही तंतोतंत बरोबर होता, म्हणून फक्त जीबी जुळवून पाहणाऱ्याला हे कळलंच नसतं.

चेकसम एवढंच सांगतो की कॉपी कार्डासारखी आहे. कॅमेऱ्यानेच खराब क्लिप लिहिली असेल तर खराब क्लिपची अचूक कॉपी होते आणि `OK` येतं. म्हणून कॉपीवरून प्रत्येक क्लिपची सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून बघा, आवाजासकट. क्लिपची संख्या असिस्टंटच्या शॉट-नोंदीशी जुळवा.

नागपूरच्या मे महिन्यात ड्राइव्ह तापतात. एसएसडी तापली की वेग खाली येतो आणि वेळेचा हिशेब कोलमडतो. टेबल सावलीत, पंख्याखाली ठेवा. डेझर्ट कूलरच्या अगदी झोतात मात्र नको, त्यातून पाण्याचे तुषार उडतात.

दोन्ही ड्राइव्हवर सगळे `OK`, क्लिपा बघून झाल्या, `A003.xxh` दोन्हीकडे ठेवली, की लाल टेप काढून हिरवी लावा आणि लॉक उघडा. कार्ड असिस्टंटच्या हातात देऊन तोंडाने सांगा: "ए-थ्री झालं, फॉरमॅट कर." फॉरमॅट त्याने कॅमेऱ्यातच करायचं, लॅपटॉपवर नाही. पॅकअपनंतर दोन्ही ड्राइव्ह एकाच गाडीतून पाठवू नका.