आसनावर कुणी नसताना बोलायची तीन मिनिटं

युवा संसदेत पहिल्यांदा सूत्रसंचालन माझ्याकडे आलं तेव्हा मी क्रमच चुकवला. मार्शलने घोषणा केली, सगळे उभे राहिले, अध्यक्ष नमस्कार करून आसनावर बसल्या आणि मग मी माईकपुढे येऊन त्यांची ओळख करून द्यायला लागलो. वक्तृत्वातली बक्षिसं वगैरे सांगून झाल्यावर नियमांचा कागद काढला. त्यात सतरा नियम होते. सहाव्यापाशी विरोधी बाकावरचा एकजण उठला, "अध्यक्ष महोदया, हरकतीचा मुद्दा आहे. आत्ता बोलतायत ते या सभागृहाचे सदस्य आहेत का?"

सभागृह हसलं. अध्यक्षांना काय निर्णय द्यावा कळेना, त्या माझ्याकडेच बघू लागल्या. मुद्दा मात्र अचूक होता. अध्यक्ष आसनावर बसले की बैठक सुरू होते, आणि त्यानंतर त्यांनी पुकारलेल्या सदस्यानेच बोलायचं असतं. सूत्रसंचालक सदस्य नसतो.

खऱ्या लोकसभेत रोज अशी ओळख कुणी करून देत नाही. मार्शल अध्यक्षांच्या आगमनाची घोषणा करतो, तेवढंच. नवे अध्यक्ष निवडले जातात त्या दिवशी पंतप्रधान आणि विरोधी पक्षाचे नेते त्यांना आसनापर्यंत नेतात आणि मग अभिनंदनाची भाषणं होतात. आपल्याकडे समोर प्रेक्षक आणि परीक्षक असतात, कोण कोणत्या भूमिकेत आहे हे त्यांना माहीत नसतं, म्हणून ओळख लागते. पण ती प्रेक्षकांची सोय आहे, कामकाजाचा भाग नाही. म्हणून ती रिकाम्या आसनासमोर उरकायची. आधी ओळख, मग नियम, मग सूत्रसंचालक बाजूला, आणि शेवटी मार्शलची घोषणा.

ओळखीत नाव आणि पद पुरतं. लोकसभेच्या धर्तीवर बैठक असेल तर 'अध्यक्ष', राज्यसभेच्या धर्तीवर असेल तर 'सभापती'. दोन्ही शब्द आलटून पालटून वापरले की परीक्षकांच्या लगेच कानात खुपतं. बक्षिसं गाळा. पक्ष तर मुळीच काढू नका. एका बैठकीत "गेल्या वर्षी आपले पंतप्रधान असलेले" अशी ओळख झाली आणि पुढे अध्यक्षांनी विरोधकांचा वेळ संपल्याची घंटा वाजवली की प्रत्येक वेळी त्या बाकांवरून कुजबुज यायची. मी आता एवढंच म्हणतो: "आजच्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी श्रीमती अमुक असतील. त्या कोणत्याही बाजूने चर्चेत भाग घेणार नाहीत. समसमान मतं पडली तरच त्या आपलं मत देतील." शेवटचं वाक्य संविधानाच्या अनुच्छेद 100 मधून आलंय आणि अध्यक्ष तटस्थ आहेत हे त्यातून आपोआप कळतं.

नियम किती सांगायचे? पहिल्या दहा मिनिटांत जे मोडले जातील तेवढेच. बाकीचे छापून बाकांवर ठेवा. माझ्या यादीत आता तीनच उरलेत.

पहिला, सगळं बोलणं अध्यक्षांना उद्देशून. समोरच्याला "तुम्ही खोटं बोलताय" म्हणायचं नाही; "अध्यक्ष महोदया, माननीय सदस्यांचं विधान वस्तुस्थितीला धरून नाही" म्हणायचं. हा नियम नुसता वाचून दाखवू नका, दोन्ही वाक्यं म्हणून दाखवा. मुलं दुसरं वाक्य पाठ करून टाकतात आणि बैठकभर वापरतात.

दुसरा, अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने थांबून खाली बसायचं. लोकसभेच्या नियम 361 चा अर्थ हाच. हा सांगितला नाही तर गोंधळात अध्यक्ष "शांत बसा" ओरडत राहतात. सांगितला तर नुसतं उठून उभं राहणं पुरतं.

तिसरा हरकतीच्या मुद्द्याचा, आणि याला थोडा वेळ द्यावाच लागतो. नवख्यांना वाटतं, मंत्र्याचं उत्तर पटलं नाही की हरकत घ्यायची. नियम 376 प्रमाणे हरकत फक्त नियम मोडला गेल्याची असते, तीही त्या क्षणी चाललेल्या कामाबाबत. आकडा चुकीचा वाटला, तर ती हरकत नव्हे, पूरक प्रश्न. वेळ संपूनही सदस्य बोलतोय, ही हरकत. मी हीच दोन उदाहरणं देतो.

घंटेचा हिशोब त्या त्या आयोजकांचा असतो, तो एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं.

पुढच्या वेळी हे सगळं तीन मिनिटांत आटोपून मी पडद्याआड गेलो. थोड्या वेळाने बघतो तर अध्यक्षांनी नव्या सदस्यांची शपथ विसरून थेट प्रश्नोत्तराचा तास पुकारला. माईक हाताशी होता, पण बोलायचा अधिकार संपला होता. चिठ्ठी लिहिली, मार्शलकडे दिली, त्याने ती आसनासमोर बसलेल्या महासचिवांना दिली आणि महासचिवांनी उठून अध्यक्षांच्या कानात सांगितलं. प्रेक्षकांना वाटलं, हेही कामकाजातच आहे.